अनुभव धागा: रात्री बाळ चुळबुळले की लगेच उचलावे, की थोडे थांबावे?

धागाकर्ती

माझा मुलगा साडेचार महिन्यांचा आहे. रात्री तो साधारण दर तासाने चुळबुळ करत असे आणि मी पहिल्या हुंकारालाच त्याला उचलून पाजत असे. एका रात्री मी न्हाणीघरात होते, यायला दीड-दोन मिनिटे लागली आणि पाहते तो काय, स्वारी पुन्हा झोपलेली! त्यानंतर प्रत्येक वेळी अंधारातच बसून मनात आकडे मोजायचे, असे मी ठरवले.

तिसऱ्या रात्रीची नोंद अशी होती. 11:10 ला त्याने पाय झाडले आणि दोनदा हुंकार दिला, पण डोळे बंदच होते. 70 आकडे होईपर्यंत तो शांत झाला. 12:05 ला तोंड वाकडे करून तो थांबत थांबत कुरकुरला आणि मध्येच एकदा चक्क रडलाही, तरी दोन मिनिटांत पुन्हा झोपला. 1:15 ला मात्र डोळे उघडे होते, मूठ तोंडात होती, मान वळवून तो स्तन शोधत होता आणि आवाज न थांबता चढत होता. तेव्हा मी विसापर्यंतही मोजले नाही, सरळ पाजायला घेतले.

सहाव्या रात्री माझी चूक झाली. आवाज चढत असूनही ‘अजून थोडे’ म्हणत मी पाच मिनिटे थांबले. तो पूर्ण जागा झाला, घामाघूम झाला आणि त्याला शांत करायला पाऊण तास गेला. आपण किती थांबलात, काय पाहून ठरवलेत आणि कुठे फसलात, ते कृपया लिहावे.

नवजात शिशू विभागातील परिचारिका

आपण घड्याळापेक्षा डोळे आणि आवाजाचा चढ पाहिलात, हे योग्य केलेत. बाळाच्या झोपेचे एक चक्र साधारण 50 ते 60 मिनिटांचे असते, आणि त्यातल्या हलक्या, चळवळ्या झोपेत ते हातपाय झाडते, हसते, कण्हते, क्षणभर रडतेसुद्धा. पण ते झोपलेलेच असते. त्या वेळी आपण दिवा लावून उचलले, तर जाग आपणच आणतो.

मात्र पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः जन्माचे वजन परत भरून येईपर्यंत, भुकेच्या खुणा दिसताच पाजावे. तिथे थांबण्याचा प्रयोग नको. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर वय जन्मतारखेऐवजी अपेक्षित तारखेपासून मोजावे. ताप असेल, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर एक क्षणही थांबू नये.

दोन मुलांचे वडील

आमच्या घरी अडचण मुलीची नव्हती, यंत्राची होती. बेबी मॉनिटरचा आवाज इतका मोठा ठेवला होता की तिने कूस बदलली तरी आम्ही दोघेही ताडकन उठून बसायचो. तो कमी केल्यावर तिची किरकिर ऐकूच येईनाशी झाली, खरे रडणे मात्र नीट ऐकू येत राहिले.

माझे मत असे आहे की चार महिन्यांनंतर रात्रीच्या दुधाची गरजच नसते, त्यामुळे सरळ दहा मिनिटे थांबावे.

परिचारिका

मॉनिटरचे पटले, दहा मिनिटांचे नाही. या वयात अनेक बाळांना रात्री एकदोनदा खरोखर भूक लागते, आणि सलग दहा मिनिटे रडू देणे ही निराळीच पद्धत झाली. इथे बाळ अजून झोपेत आहे की जागे झाले, एवढे कळेपर्यंतच थांबायचे आहे; त्याला बहुधा अर्धे ते दोन मिनिटे पुरतात.

एक आई

माझी मुलगी दुपारी 40 मिनिटांनी उठते आणि हसत खेळत बसते. तिला परत झोपवण्यासाठी मी किती थांबावे?

धागाकर्ती

ताई, हा धागा रात्रीच्या चुळबुळीविषयी आहे. पण ती हसत उठत असेल, तर मी तरी तिला उठूच देईन.

जुळ्यांची आई

माझा अनुभव थोडा विरोधी आहे. दोघांच्याही बाबतीत मी सारखीच थांबत असे. एक तिसऱ्या आठवड्यापासून सलग तीन तास झोपू लागला, दुसरा मात्र आठ महिन्यांचा होईपर्यंत तसाच उठत राहिला आणि मग आपोआप सुधारला. त्यामुळे पहिल्याच्या झोपेचे श्रेय माझ्या थांबण्याला द्यावे की त्याच्या वाढीला, हे मला आजही सांगता येत नाही. आणखी एक अडचण अशी की थांबलेल्या त्या एका मिनिटात एकाच्या आवाजाने दुसरा जागा होत असे. तेव्हा मी न उचलता आवाज करणाऱ्याच्या छातीवर नुसता हात ठेवी. कधी तो झोपे, कधी हाताच्या स्पर्शानेच डोळे उघडी.

धागाकर्ती

हात ठेवण्याचा प्रयोग मी काल 2:40 ला केला. त्याने लगेच डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहून तो हसू लागला. आज हात मागेच ठेवून मोजणार आहे.