मदत हवी आहे: अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिकच्या वेळा कशा बसवायच्या?

रानजाई: सासूबाईंची दाढ काढली. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट ६२५ सकाळ-रात्र, पाच दिवस. सोबत प्रोबायोटिक कॅप्सूल दोनदा. दोन्ही एकदम दिल्या तर चालतात का? आम्ही नागपुरात, घर तापलेलं असतं. पाकीट फ्रीजमध्ये ठेवू का?

बाबूराव_५६: कॅप्सूलपेक्षा वाटीभर दही द्या. आमच्याकडे तेच चालतं.

औषधवाला: काका, या गोळीवर दही चालेल, पण सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन असेल तर गोळीबरोबर दही-दूध नको. त्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि औषध नीट शोषलं जात नाही.

रानजाई, एकदम देऊ नका. पाकिटावर लॅक्टोबॅसिलस असेल तर ते जिवंत जंतू आहेत आणि ही गोळी जंतूच मारते. गोळीनंतर किमान दोन तास जाऊ द्या. गोळी सकाळी ८ आणि रात्री ८ला, जेवण सुरू करताना, म्हणजे पोटाला कमी त्रास होतो. कॅप्सूल दुपारी १२ आणि संध्याकाळी ५ला, साध्या पाण्याबरोबर. गरम चहाबरोबर नको. अँटिबायोटिक रक्तातून, पित्तातूनही आतड्यात उतरतं, त्यामुळे दोन तासांनी सगळे जंतू वाचतात असं नाही, पण थेट गाठ टळते.

हेमांगी: सॅकरोमायसिस बोलार्डी असेल तर अंतराची गरजच नाही, ती यीस्ट आहे.

औषधवाला: बरोबर, अँटिबायोटिक तिला मारत नाही. पण फ्लुकोनॅझोलसारखं बुरशीवरचं औषध चालू असेल तर मारतं. शिवाय गळ्यातल्या मोठ्या शिरेत नळी असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या रुग्णाला ही यीस्ट देऊ नये, रक्तात उतरू शकते.

आता फ्रीज. आधी पाकिटावर काय छापलंय ते बघा. २ ते ८ अंश लिहिलं असेल तर फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, दारात नको, तिथे तापमान सारखं बदलतं. २५ अंशांखाली लिहिलं असेल तरी तुमच्या उन्हाळ्यात फ्रीजच बरा. पट्टी मूळ पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत सुट्या काढून ठेवू नका. ओल शिरली की सुप्त जंतू अर्धवट जागे होऊन मरतात. कॅप्सूल मऊ, चिकट झाली किंवा पूड गोळा झाली तर टाकून द्या. पण वरून ठीक दिसणारीतले जंतू जिवंतच असतील असंही नाही.

रानजाई: पाकिटावर लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस, २५ अंशांखाली असंच आहे. गोळ्या संपल्यावरही चालू ठेवू का?

हेमांगी: आठवडाभर ठेवा, सगळे डॉक्टर सांगतात.

औषधवाला: सगळे नाही. २०१८च्या एका इस्रायली अभ्यासात प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे स्वतःचे जंतू उलट उशिरा परतले होते. तुमच्या डॉक्टरांनी किती दिवस लिहिलंय, ते विचारा. आणि जुलाबात रक्त, ताप किंवा पोटात जोरात कळ आली, तर कॅप्सूल वाढवत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. हे गोळ्या संपल्यानंतर काही आठवड्यांनीही होऊ शकतं.

बाबूराव_५६: मग माझ्या थायरॉईडच्या गोळीवर दही चालतं का?