मदत हवी आहे : सिम्युलेटेड अॅनिलिंगमध्ये तापमान किती सावकाश उतरवावे?

नमस्कार. नेरूळ ते बेलापूर या पट्ट्यातील 40 घरी डबे पोहोचवणाऱ्या ओळखीच्या काकूंसाठी मी सर्वांत छोटा फेरा शोधत आहे. प्रत्येक पायरीला क्रमातील दोन थांबे निवडून त्यांमधला भाग मी उलटवतो. अंतर घटले तर बदल ठेवतो आणि `d` मीटरने वाढले, तरी `exp(-d/T)` इतक्या शक्यतेने तो स्वीकारतो.

सुरुवातीला `T = 100` ठेवून प्रत्येक पायरीनंतर त्याला 0.95 ने गुणले. मात्र 300 मीटरची वाढ स्वीकारली जाण्याची शक्यता आरंभीच जेमतेम 5 टक्के होती, आणि 100 पायऱ्यांत तापमान 0.6 च्याही खाली गेल्याने पुढे ती शून्यवतच झाली. पाच वेळा चालवल्यावर पाच वेगळे फेरे मिळाले, आणि एका फेऱ्यात तर पामबीच रस्ता विनाकारण दोनदा ओलांडला जातो! म्हणजे शोध जवळच्याच खड्ड्यात अडकतो.

आता 300 मीटरची वाढ 80 टक्के वेळा स्वीकारली जावी म्हणून `T` सुमारे 1340 घेत आहे. थांब्यांच्या जोड्या 780 आहेत. तेव्हा एका तापमानावर निदान तेवढे प्रयत्न करूनच ते उतरवावे का, आणि थांबावे केव्हा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.