फोटोतल्या तीन चकल्या आणि न दिसणारं मोहन

फिट_गृहिणी: तळलेली, बेक केलेली आणि एअर फ्रायरमधली, अशा तिन्ही चकल्यांचे फोटो शेजारी शेजारी टाकलेत. पहिली बघा कशी तेलाने चमकतेय. दुसरी कोरडी, तिसरी तर अगदी ठणठणीत. कशात किती फॅट आहे ते डोळ्यांनीच दिसतंय. यंदा कढई माळ्यावर टाका. बेक्ड चकली कितीही खाल्ली तरी चालते.

खमंग_भाजणी: मी अठरा वर्षं दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते, म्हणून सविस्तर लिहिते. फोटोवरून चकली कशी केली ते नक्की ओळखता येतं. तुमच्या पहिलीवर सगळीकडून सारखा रंग आहे आणि बारीक फोड आलेत, ती कढईतली. दुसरीची खालची बाजू चपटी झालीय, जिथे ट्रेला टेकली तिथेच जास्त लाल आहे. तिसरीचे काटे टोकाला करपलेत आणि वेढ्यांच्या आतल्या खाचा पांढरट राहिल्यात, कारण गरम वारा टोकांना आधी लागतो. इथवर फोटो खरं बोलतो. फॅट मात्र त्यात दिसत नाही.

चमक म्हणजे पृष्ठभागावर राहिलेलं तेल, बस. तळलेल्या चकलीचा फोटो पाच मिनिटांत काढा, चकाकते. तीच चकली दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यातून काढा, मंद दिसते. तेल आत मुरलं, एक थेंबही कमी झाला नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मोहन. ते पिठात मळलेलं असतं. कुठल्या कॅमेऱ्याला दिसणार?

कढईवाला_नाना: मोहनाचा बाऊ करू नका. तेल कडक तापलेलं असलं की पदार्थ तेल पितच नाही. आतली वाफ तेलाला बाहेर ढकलते. ज्यांना तेल तापवता येत नाही त्यांचे पदार्थ तेलकट होतात, आणि मग ते एअर फ्रायर घेतात.

फिट_गृहिणी: नाना, मुद्द्यावर बोला. तेलात बुडवलेला पदार्थ आणि तेल न लावलेला पदार्थ यांत फरक नाही म्हणताय?

खमंग_भाजणी: नाना, बुडबुडे येत असतात तोवर तुमचं म्हणणं बरोबर आहे. वाफ जोरात बाहेर पडत असते, तेलाला आत शिरायला वाव नसतो. पण चकली झाऱ्यावर घेतली की ती निवायला लागते, आतली वाफ आटते, आणि पाणी गेल्यामुळे पोकळ झालेली जागा बाहेर चिकटलेलं तेल ओढून घेते. बरंचसं तेल कढईतून बाहेर काढल्यावरच आत जातं. म्हणून झारा कढईवरच धरून झटकायचा आणि गरम असतानाच कागदावर उभ्या मांडायच्या. थाळीत एकावर एक रचल्या की वरचीचं तेल खालची पिते.

आणि चकली कुरकुरीत हवी तर बुडबुडे शांत होईपर्यंत तळावी लागते, म्हणजे जवळजवळ सगळं पाणी घालवावं लागतं. जितकं पाणी गेलं तितकी तेलाला जागा. तेल फार कडक ठेवलं तर वरून लाल, आत ओली, आणि चौथ्या दिवशी मऊ.

दादरची_मावशी: मोहन कडकडीत तेलाचं घालता म्हणूनच चकल्या कडक होतात. आमच्याकडे लोण्याचंच मोहन. घरचं पांढरं लोणी, पिठाला चोळून. चकली जिभेवर विरघळली पाहिजे.

कढईवाला_नाना: जिभेवर ठीक आहे मावशी, लोणी जास्त झालं तर कढईतच विरघळते! आमच्या सौ.नी एका दिवाळीला बहिणीचं ऐकून लोणी घातलं. पहिला घाणा सोडला आणि तेलात नुसता चुरा. दीड किलो भाजणी घेऊन बसलेली बाई रडायला लागली होती.

दादरची_मावशी: त्यांनी प्रमाण चुकवलं, लोण्याचा काय दोष? चाळीस वर्षं करतेय, एकदाही फुटली नाही.

विदर्भकन्या: आमच्याकडे तांदळाच्या पिठाची उकड काढून चकल्या करतात. मोहन नावाला. उकड असल्याने सोऱ्यातून तुटत नाही. लोणी, कडकडीत तेल, कशाचीच भानगड नाही.

दादरची_मावशी: ती चकली नव्हे, ते कडबोळ्याचं धाकटं भावंड.

विदर्भकन्या: माझी आजी नव्वदीत गेली, तिने आयुष्यभर तीच केली. तिला कुणी असं म्हटलेलं तिने ऐकून घेतलं नसतं आणि मीही घेणार नाही. दादरच्या बाहेर महाराष्ट्र आहे.

कोपरखैरणे_ते_बंगळूर: एअर फ्रायर किती लिटरचा घ्यावा? चार माणसांचं घर आहे. चकली आतल्या वाऱ्याने उडते का?

खमंग_भाजणी: चकली उडत नाही, कागद घातला आणि त्यावर वजन नसलं तर कागद उडतो. लिटरपेक्षा जाळीचा तळ किती रुंद आहे ते बघा. चकल्या एकावर एक ठेवता येत नाहीत, म्हणून बहुतेक घरगुती यंत्रांत एका वेळी आठ-नऊच बसतात.

मावशी आणि विदर्भकन्या, तुमच्या भांडणातच या धाग्याचं उत्तर आहे. मोहन वाढवलं की पीठ भुसभुशीत होतं, तळताना त्याला जास्त भोकं पडतात आणि ते वरचं तेलही जास्त पितं. लोण्यात पाणी असतं, त्यामुळे चमच्याला चमचा धरला तर लोण्याचं मोहन तेलापेक्षा हलकं. पण लोणी घालणारे अंदाजाने सढळ हाताने घालतात. उकडीच्या चकलीला पीठच चिकट असतं, म्हणून तिथे कमी मोहनात भागतं. मला दोन्ही आवडतात.

बी_विंग_४०२: माझ्या वडिलांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. मागच्या दिवाळीला बेक्ड चकलीचं पाकीट आणलं, वर भट्टीचं चित्र आणि ‘तळलेली नाही’ असं मोठ्या अक्षरांत. ते दुपारच्या चहाला सहा-सात खायचे, संध्याकाळी पुन्हा. आम्हीही काही बोललो नाही, बेक्डच आहे म्हणून. नंतर पाकीट उलटं करून बघितलं तर शंभर ग्रॅमला २२ ग्रॅम फॅट. त्या दिवसापासून मला ‘कितीही खा’ हे शब्द वाचवत नाहीत. फिट_गृहिणी, तुमचा हेतू चांगला असेल, पण असं लिहू नका.

फिट_गृहिणी: वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. पण तो विकतचा माल. घरी केलेल्या बेक्ड चकलीत एवढं फॅट कुठून येणार?

खमंग_भाजणी: मोहनातून. मी मागच्या वर्षी काट्यावर तोलून बघितलं, तेच सांगते. तिन्ही वेळा अर्धा किलो भाजणी, तिखट-मीठ-तीळ मिळून २५ ग्रॅम, चाळीस चकल्या.

कढईतल्यांना ५५ ग्रॅम तेलाचं मोहन. तळायच्या आधी कढई तेलासकट तोलली, सगळं झाल्यावर गार करून परत तोलली. कागदावर उतरलेलं तेल वजा करून चकल्यांनी १८० ग्रॅम प्यायलं. म्हणजे एकूण २३५ ग्रॅम तेल, आणि चकल्या भरल्या सातशे पंचवीसच्या आसपास. वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तेल. एका चकलीत सहा ग्रॅम.

मग भट्टीत. आधी तेवढ्याच मोहनावर केल्या, तर अशा झाल्या की सासूबाईंनी चहात बुडवून खाल्ल्या. तळताना जे तेल आत जाऊन खुसखुशीतपणा देतं, ते भट्टीत मिळत नाही. ते पिठातच घालावं लागतं. शेवटी ११० ग्रॅम मोहनाला जमल्या. चकल्या झाल्या सहाशे ग्रॅम. शंभराला १८ ग्रॅम, एकीत पावणेतीन.

एअर फ्रायरला मोहन ५५ आणि वरून ब्रशने २० ग्रॅम तेल, कारण न लावता खाचा पिठूळ राहतात. शंभराला १३ ग्रॅम, एकीत दोनच्या खाली. भाजणीतल्या डाळींचं स्वतःचं थोडं फॅट तिन्हींत सारखंच, ते धरलेलं नाही.

चकलीला चकली धरली तर बेक्ड कमी आहे, निम्म्याहून थोडी कमी. पण त्या पाकिटाच्या नादाने कुणी सहा खाल्ल्या तर कढईतल्या पावणेतीन खाल्ल्यासारखंच झालं.

फिट_गृहिणी: म्हणजे निम्मं आहे. मग मी चुकले कुठे? ‘कितीही’ हा एक शब्द मागे घेते. बाकी सगळं तसंच. आणि तुमच्या ओळखीत किती जण कढई तोलतात?

खमंग_भाजणी: चकलीत तुम्ही जिंकलात, मान्य. पण फोटोवरून जिंकला नाहीत. तोच फोटोचा नियम बेकरीला लावून बघा. खारी कोरडी दिसते, बोटाला कुरकुरीत भुगा लागतो, आणि ती थराथरांत लोणी किंवा वनस्पती लाटूनच होते. नानकटाईत तूप मैद्याच्या निम्म्याहून जास्त. दोन्ही बेक्ड. शेजारी कढईतला बटाटेवडा ठेवा, तेलाने चकाकणारा. पण तो गोल आणि जाड, आत ओला बटाटा. तेल फक्त बेसनाच्या पातळ सालात मुरतं. ग्रॅमला ग्रॅम तोललं तर वडा खारीच्या बराच खाली राहतो.

कढईवाला_नाना: बघा! शेवटी वडाच बरा. मी हेच सांगत होतो.

बी_विंग_४०२: नाना, तुम्ही हे सांगत नव्हता. तुम्ही म्हणत होता पदार्थ तेल पितच नाही.

कढईवाला_नाना: तेल तापलेलं असेल तर कमी पितो, यावर मी ठाम आहे. बाहेर काढल्यावर ओढून घेतो हे मला नवीन होतं. रविवारी झारा धरून बघतो.

दादरची_मावशी: पण खमंगताई, लोण्याच्या मोहनाची चकली तुम्ही तोललीच नाहीत. त्याशिवाय कसं म्हणता की ती तेल जास्त पिते?

खमंग_भाजणी: तोलली नाही, खरं आहे. भुसभुशीत होते तेवढं हाताला कळतं, त्यावरून म्हटलं. प्रमाण सांगा तुमचं, वाटीने नको, ग्रॅममध्ये. भाजणी अर्धा किलो धरून.

दादरची_मावशी: लोण्याचा गोळा लिंबाएवढा.

विदर्भकन्या: कुठलं लिंबू? कागदी की ईडलिंबू?