सीटीसी चाळीस हजार, हातात साडेएकोणतीस: कंपनीने फसवलं का?

जुळे सोलापूर: पुण्यात पहिली नोकरी लागली. ऑफर ४ लाख ८० हजार सीटीसीची. भागिले बारा करून महिना ४०,००० धरले, घरी तेच सांगितलं, खोलीही त्याच हिशेबाने घेतली. पहिला पूर्ण पगार २९,५३८ जमा झाला. एचआर म्हणते सगळं बरोबर आहे. ही फसवणूकच नाही का?

होटगी रोड: फसवणूकच आहे. कंपनीने भरायचा पीएफ कंपनीचा खर्च आहे, तो पोराच्या पगारात का दाखवायचा? कॅम्पसमध्ये आकडा फुगवून सांगतात आणि खरा हिशेब जॉइनिंगनंतर कळतो.

एमआयडीसी पेरोल: मी इथे अक्कलकोट रोडला पगारच काढतो. तुमचं अ‍ॅनेक्शर पाहिलेलं नाही, पण बेसिक २०,००० आणि व्हेरिएबल १० टक्के धरलं तर आकडा रुपयाला रुपया जुळतो. ४०,००० मधले ४,००० व्हेरिएबल, ते वर्षाअखेरीस मिळणार. कंपनीचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, २,४००. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, ९६२. ग्रुप मेडिक्लेमचे साधारण ५००. एवढं कधी पगारात येतच नाही, म्हणून ग्रॉस ३२,१३८ राहतो. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ २,४०० आणि व्यवसाय कर २०० गेला की २९,५३८. एवढ्या पगाराला नव्या पद्धतीत इन्कम टॅक्स लागत नाही.

म्हणजे पगारातून प्रत्यक्ष कापले गेले फक्त २,६००. बाकीचे साडेसात हजारांच्या वर पेस्लिपवर कपात म्हणून दिसतच नाहीत, आणि म्हणूनच नवीन मुलं गोंधळतात. कपातीच्या रकान्यात शोधून ते पैसे सापडणार नाहीत. ऑफरसोबतच्या अ‍ॅनेक्शरमध्ये मंथली ग्रॉसची ओळ असते, भाडं ठरवताना ती बघायची.

बाळे: पण पीएफ १५,००० वरच कापायचा असतो ना? म्हणजे १,८००. कंपनीने ६०० जास्त कापलेत. तक्रार करा.

एमआयडीसी पेरोल: १५,००० ची मर्यादा खरी आहे, पण तिच्या वर कापायला बंदी नाही. पूर्ण बेसिकवर भरणाऱ्या कंपन्या खूप आहेत. तक्रार टिकणार नाही.

विजापूर रोड: माझ्या मुलीला २३ हजार ग्रॉस आहे, तिचा व्यवसाय कर एक रुपयाही कापत नाहीत. दादा, तुमचे २०० चुकून गेले असतील, परत मागा.

एमआयडीसी पेरोल: ताई, महाराष्ट्रात बायकांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर माफ आहे. यांना लागणारच, आणि फेब्रुवारीत ३०० लागतील.

होटगी रोड: हिशेब जुळला म्हणून प्रामाणिक होत नाही. ग्रॅच्युइटी घ्या. कायम नोकरीत ५ वर्षं भरल्याशिवाय ती मिळत नाही. पहिल्या नोकरीत एवढी वर्षं टिकणारे किती? तीन वर्षांनी सोडली तर ९६२ गुणिले ३६, म्हणजे साडेचौतीस हजार रुपये याच्या पॅकेजमध्ये मोजलेले, पण याला न मिळालेले. याला पगार कसं म्हणायचं?

एमआयडीसी पेरोल: ग्रॅच्युइटीबाबत तुमचं म्हणणं मला पटतं, ती सीटीसीत धरू नये. पीएफबाबत नाही पटत. ते पैसे त्याच्याच खात्यात जातात.

बाळे: सगळे कुठे? कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शनला जातात.

एमआयडीसी पेरोल: जुन्या सभासदांचे जातात. सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्याचा बेसिक १५,००० च्या वर असेल तर तो पेन्शन योजनेत येत नाही, पूर्ण २,४०० पीएफमध्येच जमा व्हायला हवेत. जुळे सोलापूर, तुम्ही पासबुक उघडून पेन्शनचा रकाना बघा. तिथे १,२५० दिसले तर एचआरकडून आत्ताच दुरुस्त करून घ्या. पुढे पैसे काढताना हीच चूक आडवी येते.

होटगी रोड: मग हेही सांगा की, एवढ्या बेसिकवर पहिल्या नोकरीत त्याला पीएफ नाकारता आला असता.

एमआयडीसी पेरोल: हो, जॉइन होताना फॉर्म ११ मध्ये. एकदा सभासद झाल्यावर ही नोकरी चालू असेपर्यंत बाहेर पडता येत नाही. आणि नाकारला तरी कंपनीचा वाटा हातात देतील की नाही, हे कंपनीच्या धोरणावर. मी कुणालाही नाकारायला सांगत नाही. बावीस-तेविसाव्या वर्षी हातात आलेले पैसे उरत नाहीत.

होटगी रोड: पुण्यात डिपॉझिट भरणाऱ्या पोराला आज पैसे लागतात, अठ्ठावन्नाव्या वर्षी नाही. ठरवायचा हक्क त्याचा होता, आणि फॉर्म समोर ठेवताना कुणी त्याला विचारलं नाही. माझा राग त्यावर आहे.

जुळे सोलापूर: फॉर्म ११ वर सही केली होती, वाचला नव्हता. पासबुकात पेन्शनचा रकाना शून्य आहे. अ‍ॅनेक्शरच्या दुसऱ्या पानावर ३२,१३८ ची ओळही आहे. आता एकच: मार्चमध्ये सोडली तर व्हेरिएबल मिळेल का?

एमआयडीसी पेरोल: पत्रात पेमेंटच्या तारखेला रोलवर असण्याची अट आहे का, ते बघा. असेल आणि पैसे मे-जूनमध्ये देत असतील, तर मार्चमध्ये सोडून काही मिळणार नाही. थांबलात तरी पहिल्या वर्षी जेवढे महिने काम, तेवढ्याच हिश्श्याने मिळण्याची शक्यता जास्त.