दावीद म्हणजे 14: ही तळटीप मराठी अनुवादात द्यावी का?

मृण्मयी: मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायावर मराठीत टिपा लिहिते आहे. 17व्या वचनात चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट आहेत. दावीद या नावाच्या हिब्रू अक्षरांची बेरीज 14 होते, म्हणून ही रचना, असं बरेच अभ्यासक सांगतात. संपादक म्हणतात टीप द्या, सहकारी म्हणतात हे मजकुरात नाही. अक्षरांची किंमत अनुवादकाने कधी सांगावी?

कुलाबकर: द्याच. मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी. आमच्या घरी अक्षर म्हणजे आकडा हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. शेवात महिन्याच्या पंधराव्या तिथीला मलिदा होतो, त्या तिथीचं नावच तू बिश्वात. त्यातला ‘तू’ म्हणजे तेत आणि वाव, नऊ अधिक सहा. दहा अधिक पाच लिहीत नाहीत, कारण योद आणि हे ही देवाच्या नावाची पहिली दोन अक्षरं. आम्हाला हे सांगावं लागत नाही, पण मराठी वाचकाला कोण सांगणार? मी तर म्हणतो उत्पत्तीतही द्या. अब्राहामाने 318 माणसं घेऊन लढाई केली, आणि त्याचा सेवक एलियेजर याच्या नावाची बेरीज बरोबर 318 येते.

फुलस्केप: सहमत. यिर्मयातही आहे. ‘शेशखाचा राजा’ म्हणजे बाबेलचा राजा, तिथेही असाच आकड्यांचा खेळ आहे.

हस्तलिखित: शेशख म्हणजे बाबेल हे बरोबर, पण त्यात आकडा कुठेच नाही. वर्णमालेतलं पहिलं अक्षर शेवटच्याशी, दुसरं शेवटून दुसऱ्याशी बदलायचं, एवढंच ते आहे. बेथचा शीन होतो, लामेदचा काफ होतो. तिथे टीप हवीच, नाहीतर वाचक नकाशात शेशख शोधत बसेल. पण टिपेत बेरीज घातली तर ती चूक ठरेल.

कुलाबकरांच्या 318 बद्दल. बेरीज पक्की आहे: आलेफ 1, लामेद 30, योद 10, आयिन 70, जायिन 7, रेश 200. पण ती केली ती नंतरच्या रब्बींनी. अब्राहामाबरोबर एकटा एलियेजरच गेला होता, असं त्यांना त्यातून दाखवायचं होतं. त्या रब्बींच्या ग्रंथांचा, तालमूदचा किंवा मिद्राशचा, अनुवाद करत असाल तर हे सांगितल्याशिवाय वाक्यच लागणार नाही. उत्पत्तीचा करत असाल तर टीप लेखकाच्या तोंडी नंतरच्या वाचकाचं बोलणं घालते. शिवाय जुन्या लेखांत आकड्यांसाठी अक्षरं दिसत नाहीत: शिलोहाच्या बोगद्यातल्या शिलालेखात आकडे शब्दांत लिहिले आहेत, शोमरोनच्या खापरांवर मिसरी पद्धतीची अंकचिन्हं आहेत. अक्षरांनी आकडा लिहिल्याचा ठळक यहुदी पुरावा अलेक्झांडर यन्नाय राजाच्या नाण्यांवर मिळतो. त्याच्या कारकिर्दीचं 25वं वर्ष तिथे काफ आणि हे या अक्षरांनी लिहिलं आहे, म्हणजे इ.स.पू. 78च्या सुमाराचं. त्याच्या कितीतरी आधीच्या मजकुरात अक्षरांची बेरीज शोधायला मी तरी तयार नाही.

मृण्मयी: मग मत्तय? तो तर या नाण्यांनंतरचा आहे.

हस्तलिखित: हो, म्हणून तिथे प्रश्न खरा आहे. दालेत 4, वाव 6, दालेत 4, एकूण 14. पण नुसती बेरीज जुळणं मला पुरत नाही, बेरजेसाठी काही वाकवलंय का ते मी बघतो. आपल्याकडच्या कटपयादीत, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याच्या पद्धतीत, मेचकल्याणी रागाचं ‘मेच’ असंच आहे: म म्हणजे 5, च म्हणजे 6, उलटं वाचलं की 65, आणि कर्नाटक संगीतातल्या मूळ रागांत, मेळकर्त्यांत, तिचा क्रमांक तोच. कल्याणी आधीपासून होती, ‘मेच’ आकड्यासाठी जोडलं. मत्तयात नावं गाळली आहेत. योरामानंतर थेट उज्जीया येतो. मधले अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे इतिहासाच्या ग्रंथात आहेत, इथे नाहीत. 14 हा आकडा त्याने घडवून आणला आहे. शिवाय यादीतलं चौदावं नाव दाविदाचंच, आणि ‘राजा’ हा शब्द फक्त त्यालाच लावलाय.

अक्षरशत्रू: मला हे अजिबात पटत नाही, आणि मृण्मयींचे सहकारी बरोबर आहेत असं मी ठामपणे म्हणेन. मत्तयाने ग्रीकमध्ये लिहिलं. ग्रीक लिपीत दाविदाची बेरीज 14च्या जवळपासही जात नाही. 14 हवेत हे राजे गाळण्यावरून कळतं, पण का हवेत ते कळत नाही. 14 म्हणजे दोन सप्तकं, तीन गट म्हणजे सहा सप्तकं, आणि येशूपासून सातवं सुरू, हेही तितकंच जुळतं. तिसऱ्या गटात तर नवी नावं तेराच भरतात, यखन्या पुन्हा मोजावा लागतो.

आणि वर्तनीचं काय? शमुवेलात दावीद बहुतेक ठिकाणी तीन अक्षरी आहे, पण इतिहासाच्या ग्रंथात मध्ये योद येऊन चार अक्षरी होतो. मग बेरीज 24. मृत समुद्राकाठी सापडलेल्या यशयाच्या मोठ्या गुंडाळीतही योद आहे. मत्तयाच्या काळाला जवळची वर्तनी हीच.

हस्तलिखित: वर्तनीचा मुद्दा वजनदार आहे. पण पेरेसापासून दाविदापर्यंतची दहा नावं रूथच्या शेवटीही तशीच येतात, आणि तिथे दावीद तीन अक्षरी आहे. त्याच्यासमोर कोणती यादी होती यावर सगळं अवलंबून आहे.

अक्षरशत्रू: आणि ते ठरवता येत नाही. मग टीप कशाच्या बळावर?

देवळालीची वाचक: मला वेगळंच विचारायचंय. आमच्या प्रार्थनागटात कुणीतरी प्रकटीकरणातला 666 हल्लीच्या एका पुढाऱ्याच्या नावाशी जुळवून दाखवला. त्याने मुलं घाबरली आहेत. अशा टिपांनी हे वाढणार नाही का?

हस्तलिखित: उलट तिथे टीप नसल्यामुळे हे होतं. प्रकटीकरण 13:18मध्ये लेखक स्वतः म्हणतो की ज्याला बुद्धी आहे त्याने संख्येचा हिशेब करावा. इतकं उघड आमंत्रण असताना अनुवादकाने गप्प बसणं मला मान्य नाही. हिशेब असा: रोमी सम्राट नेरोचं नाव ‘नेरोन कैसर’ असं हिब्रू अक्षरांत लिहिलं तर नून 50, रेश 200, वाव 6, नून 50, म्हणजे 306. पुढे कोफ 100, सामेख 60, रेश 200, म्हणजे 360. एकूण 666.

यावर लगेच आक्षेप येतो की कैसरमध्ये योद लिहितात, मग 676 होतील. पण मृत समुद्राजवळच्या वादी मुरब्बआतला एक अरामी दस्तऐवज नेरोच्याच काळातला आहे, आणि त्यात हे नाव योदशिवाय वाचलं गेलं आहे. दुसरी खूण याहून भारी. काही जुन्या प्रतींत 666च्या जागी 616 आहे, इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या पपायरसात आहे, आणि दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती धर्माचार्य इरेनेयस यालाही तो पाठ माहीत होता, जरी त्याने तो चूक ठरवला. लॅटिन उच्चाराप्रमाणे ‘नेरोन’चा शेवटचा नून काढा, 50 जातात, 616 उरतात. दोन्ही पाठ एकाच नावाने सुटतात, हे दुसऱ्या कुठल्या उमेदवाराला फारसं जमत नाही. टिपेत एवढं आलं की वाचकाला कळतं, हे कोडं पहिल्या शतकातल्या लोकांसाठी होतं.

देवळालीची वाचक: हे मी गटात वाचून दाखवणार आहे.

मृण्मयी: मग मत्तयाला टीप देते, पण ‘काही अभ्यासकांच्या मते’ असं म्हणून. गाळलेले तीन राजे आधी लिहीन, बेरीज नंतर, आणि योद असलेली वर्तनी त्याच टिपेत.

अक्षरशत्रू: योद लिहिणार असाल तर माझा विरोध निम्मा कमी. पण ‘काही अभ्यासकांच्या मते’ हे शब्द कुणी वाचत नाही, लक्षात फक्त 14 राहतो. आणि हस्तलिखित, तुमचा नाण्यांचा निकष नीतिसूत्रांना लावून दाखवा. 10:1 ते 22:16 या भागाला शीर्षक शलमोनाच्या नावाचं आहे, वचनं 375 आहेत, आणि शीन 300, लामेद 30, मेम 40, हे 5 मिळून शलमोनही 375च होतो. संग्रह तुमच्या यन्नायच्या आधीचा. इथे टीप द्याल का नाही?

हस्तलिखित: संकलनाचा शेवटचा हात कधी फिरला, त्यावर ठरेल. तिथे अजून मी टीप दिलेली नाही.

कुलाबकर: मी दिली असती.