मान आखडलीय, कुशीवर झोपणाऱ्यांनी उशी किती जाड घ्यावी?

मदत हवी आहे. काल रात्री सोफ्याच्या हातावर डोकं ठेवून झोप लागली आणि सकाळपासून मान उजवीकडे वळतच नाहीये. मागून कुणी हाक मारली की अख्खं अंग फिरवावं लागतं, त्यामुळे गाडी चालवणं आज बंद.

गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५-२० मिनिटं शेकते. मग खांदे सैल सोडून मान हळूहळू दोन्हीकडे, दुखू लागेल तिथपर्यंतच वळवते. त्याने बरं वाटतं. सासूबाईंचा आग्रह आहे, मालिशवाल्याकडून ‘कडकन मोडून घे’. ते मी करणार नाही!

ताप नाही, हाताला मुंग्या नाहीत, हनुवटी थोड्या ओढीने का होईना छातीला टेकते. ताप, जबर डोकेदुखी आणि मान पुढे वाकेचना, त्यात उजेड सोसेना, उलट्या किंवा गुंगी असेल, तर मेंदूच्या आवरणाला सूज असू शकते. तेव्हा शेकत न बसता थेट इमर्जन्सी गाठायची, हे घरात सांगून ठेवलंय.

आता प्रश्न उशीचा. कुशीवर झोपल्यावर कान आणि गादी यांच्यातली खांद्याएवढी जागा भरायला हवी, म्हणजे नाक छातीच्या रेषेत राहतं. माझी कापसाची उशी दबून चपटी झालीय, डोकं खाली कलतं. फोमची घेतली तर उताणं झोपल्यावर हनुवटी छातीकडे ढकलली जाते. रात्रभर कूस बदलणाऱ्यांनी नेमकी कोणती घ्यावी? गटात कुणी फिजिओथेरपिस्ट आहे का?