शब्दचर्चा : जर्मनमधला 'डॉख' मराठीत कसा आणायचा?

मुक्ता : अनुवाद करताना 'डॉख'पाशी अडले आहे. वाक्य असं : 'दास हाबं इश दिअर डॉख गेझाग्ट.' शब्दकोशात 'तरीही', 'पण' असे अर्थ आहेत, पण इथे एकही बसत नाही.

अनघा : 'डॉख' म्हणजे आपला 'च'. मी तुला सांगितलंच होतं.

श्रीरंग : जवळ आलात, पण 'च' त्या एका शब्दावर जोर देतो. तुमच्या वाक्यात 'बघ, माझं खरं ठरलं' असा सूर येतो. हा 'डॉख' समोरच्याला आठवण देतो : तुला माहीत आहे, विसरलास काय? मी 'सांगितलं होतं की तुला' असं करेन.

हाच 'की' आणखी दोन ठिकाणी चालतो. पाहुणा उभाच असला की 'झेट्स दिश डॉख' म्हणतात, म्हणजे 'बस की'. आणि 'येणार नाहीस?' याला एका शब्दात 'डॉख!' असं उत्तर येतं, म्हणजे 'येणार की!' तिथे 'या' म्हणजे 'हो' म्हटलं तर जर्मन माणूस गोंधळतो.

मुक्ता : म्हणजे प्रत्येक ठिकाणी 'की'?

श्रीरंग : नाही. आघात बघा. 'एअर इस्ट डॉख गेकॉमन' यात 'डॉख' हलका म्हटला तर 'आलाय की तो'. त्याच्यावरच जोर दिला तर 'येणार नाही वाटत होतं, पण शेवटी आला'. लिहिलेलं वाक्य तेच असतं, म्हणून अनुवाद करताना मागचं वाक्य वाचल्याशिवाय ठरवू नका. आणि 'डू कॉम्स्ट डॉख?' असं विचारलं, तर तिथे 'ना' हवा : 'येणारेस ना?'

मुक्ता : आणि 'दास इस्ट हाल्ट झो' मधला 'हाल्ट'?

बाळासाहेब : 'हाल्ट' म्हणजे थांबा. मुलाकडे न्यूर्नबर्गला गेलो होतो, बसथांब्यावर 'हाल्टेश्टेलं' लिहिलेलं असतं.

श्रीरंग : बाळासाहेब, थांब्यावरचा 'हाल्ट' बरोबर आहे. हा मात्र वेगळा शब्द, जुन्या जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'अधिक, उलट' असा होता. 'दास इस्ट हाल्ट झो' म्हणजे 'असंच आहे ते, काय करणार'. मूळचा दक्षिणेकडचा, आता उत्तरेतही ऐकू येतो. उत्तरेकडे तिथे 'एबन' म्हणायचे.

अनघा : मग 'हाल्ट' आणि 'एबन' एकच का? मला 'एबन' जास्त ठाम वाटतो. 'हाल्ट'मध्ये मान तुकवल्यासारखं आहे.

श्रीरंग : मलाही तसंच वाटतं, पण माझे म्युनिकचे शेजारी दोन्हींत फरक मानत नाहीत.

मुक्ता : आणि 'माल'?

श्रीरंग : 'जरा'. मुळात 'आइनमाल' म्हणजे 'एकदा', पण 'वार्टं माल' मध्ये एकदा-दोनदाचा हिशेब नाही, 'थांब जरा' एवढंच. 'माल' काढला तर तो हुकूम होतो. दोन्ही एकत्र आले तर आधी 'डॉख', मग 'माल' : 'कॉम डॉख माल हेअर'. उलटा क्रम त्यांच्या कानाला लगेच खटकतो.

मुक्ता : 'ये की जरा इकडे.' आपल्याकडेही 'की' आधी आणि 'जरा' नंतर! पण 'जरा ये की इकडे' हेही मी सहज म्हणते.